पेन उचल, पण सरकू नको

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास शिराजहून मालवणला फोन आला. छपाईसाठी पाठवलेल्या पुस्तकाच्या फारशी भागातले जोडशब्द एकमेकांना चिकटले होते. सुरुवातीच्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळीकडे हाच प्रकार होता. पाने मी लावली होती आणि चूक माझी होती.

पुस्तक मालवणमधल्या एका निवृत्त परिचारिकेचे. गावात त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणतो. तरुणपणी त्या इराणला गेल्या आणि शिराजच्या एका इस्पितळात त्यांनी सोळा वर्षे काढली. तिथे त्यांच्याच वॉर्डात एक इराणी परिचारिका होती. तिने सिस्टरना फारशी बोलायला शिकवले, मग वाचायला आणि लिहायला. सिस्टर परत आल्यावरही दोघींचा संबंध सुटला नाही. आधी पत्रे होती, नंतर फोन.

सिस्टरनी त्या वर्षांच्या आठवणी मराठीत लिहिल्या होत्या. मैत्रिणीला वाचता याव्यात म्हणून त्यांचा फारशी अनुवादही त्यांनी स्वतः केला, लॅपटॉपवर स्वतः टाइप करून. एक एक प्रकरण झाले की त्या ते फोनवर पाठवत. निम्मी प्रकरणे मैत्रिणीने वाचली. जानेवारीत ती गेली.

आठव्या दिवशी तिच्या मुलीचा निरोप आला. ती शिराजमध्ये शाळेत भाषा शिकवते. आईच्या चाळिसाव्याला, म्हणजे जाऊन चाळीस दिवस झाले की होणाऱ्या विधीला, येणाऱ्यांच्या हातात हे पुस्तक द्यावे, अशी तिची इच्छा होती. मराठीही राहू दे, असे तिने मुद्दाम सांगितले. एका बाजूने उघडले की फारशी, दुसऱ्या बाजूने उघडले की मराठी. छापणार तिथेच, पण तिथल्या छापखान्यात देवनागरी लावणारे कोणी नव्हते. म्हणून पाने इकडे लावायची आणि तयार फाइल पाठवायची असे ठरले, आणि सिस्टरनी मला आचऱ्याला फोन केला.

मी एका दैनिकात उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर आचऱ्याला घरी बसून पाने लावून देतो. देवस्थानाच्या स्मरणिका, शाळांची वार्षिके, कोणाचा कवितासंग्रह. फारशीचे एक अक्षर मला येत नाही. ते मी पहिल्याच दिवशी सिस्टरना सांगितले.

"तुका वाचूक खंय सांगतंय?" त्या म्हणाल्या. "तू लाव. वाचूक मी आसंय."

काम तसेच झाले. मी पाने लावायची, कागदावर प्रूफ काढायचे, मालवणला न्यायचे. सिस्टर लाल पेनाने दुरुस्त्या करायच्या आणि मी त्या पानांत घालायच्या. अक्षरे कळत नसल्याने मी शब्द चित्रासारखा पाहून, ओळ मोजून, त्यांनी कागदाच्या कडेला लिहिलेला शब्द त्यांच्याकडून टाइप करून घेऊन जागेवर बसवत असे. अशा दोन फेऱ्या झाल्या.

पहिल्या फेरीत बरीचशी दुरुस्ती एकाच प्रकारची होती. सुरुवातीची पाच पाने सिस्टरनी भाचीच्या टॅबवर टाइप केली होती. त्यावर अरबी कळफलक होता आणि त्यांना हवी असलेली एक कळ त्यात नव्हती. म्हणून काही शब्दांच्या मध्ये त्यांनी साधी मोकळी जागा सोडली होती. प्रुफात अशा प्रत्येक ठिकाणी त्यांनी लहानसा आकडा काढला होता, माशाच्या गळासारखा. ही जागा काढ आणि तिथे दुसरी घाल, असा त्याचा अर्थ.

"दुसरी खंयची?" मी विचारले.

"नीम-फासले. अर्धी जागा."

शब्द कानाला परका वाटला नाही. निमसरकारी पत्रातला निम तोच, आणि फासलाही आपल्या ओळखीचा. पण त्या जागेला रुंदी अर्धीही नसते, शून्य असते, हे मला त्यांनी पडद्यावर दाखवले. फारशीत अक्षरे एकमेकांना जोडून लिहितात आणि जोडले की अक्षराचा आकार बदलतो. शब्दाच्या शेवटी आले तर वेगळा, मध्ये आले तर वेगळा. काही शब्द दोन भागांचे असतात. दोन्ही भाग मिळून शब्द एकच, पण पहिल्या भागाचे शेवटचे अक्षर शेवटच्याच आकारात राहायला हवे, पुढच्या भागाला चिकटता कामा नये. साधी मोकळी जागा घातली तर शब्दाचे दोन शब्द होतात, आणि ओळ संपत आली की एक तुकडा वर आणि दुसरा खाली जातो. काहीच घातले नाही तर दोन्ही भाग चिकटतात. नीम-फासले घातली की अक्षर सुटते, शब्द मात्र सुटत नाही. सिस्टरच्या लॅपटॉपवरच्या फारशी कळफलकात शिफ्ट दाबून स्पेसची कळ दाबली की ती उमटते. उमटते म्हणजे दिसत काहीच नाही.

उदाहरण म्हणून त्यांनी मुलांसाठीचा शब्द दाखवला. बच्चे हा एक भाग, अनेकवचनाचा 'हा' हा दुसरा. बच्चेचे शेवटचे अक्षर एकटे असते तेव्हा लहानशा गाठीसारखे मिटते. पुढच्या भागाला चिकटले की तेच अक्षर उघडते, आणि त्याला लागून तसेच दुसरे येते. मराठी डोळ्यालाही ती गर्दी दिसते.

हे सगळे पाहून मी ती पाच पाने दुरुस्त केली. लॅपटॉपवरच्या बरोबर शब्दातून ती न दिसणारी जागा उचलायची आणि गळाच्या खुणेवर नेऊन ठेवायची. संध्याकाळपर्यंत पाचही पाने झाली. त्या कामाला मी मनातल्या मनात सिस्टरची फट असे नाव दिले होते. वर्तमानपत्रात काम करणारे प्रत्येक गोष्टीला असे नाव देतात, आणि नाव दिले की गोष्ट समजली असे मानतात.

दुसरे प्रूफ सिस्टरनी पास केले. प्रत्येक पानावर सही केली. त्यानंतर पानात काहीही बदलायचे नसते, हा नियम मी तीस वर्षे दुसऱ्यांना शिकवला. तो मी मोडला, पण बदल करतो आहे असे मला वाटले नाही. मी सफाई केली.

सफाई म्हणजे पान छपाईला सोडण्यापूर्वीची शेवटची फेरी. बातमीदार फोनवरून मजकूर पाठवतात, त्यात दोन शब्दांत दोन जागा असतात, पूर्णविरामाआधी जागा असते, आणि न दिसणारी काही चिन्हे असतात. देवनागरीत त्यातले एक चिन्ह जोडाक्षर तोडते आणि शब्द शोधायला गेले की सापडत नाही. त्यासाठी डेस्कवर मी एक यादी केली होती, काय शोधून काय काढायचे ते संगणकाला सांगणारी. ती एकदा चालवली की संपूर्ण अंकातला कचरा निघतो. निवृत्त होताना ती मी बरोबर आणली. यादीत चिन्हांची नावे नाहीत, फक्त संकेतांक आहेत. 200D ला हात लावायचा नाही असे त्यात ठळक लिहिले आहे, कारण वाऱ्यावर, दऱ्या, सुऱ्या या शब्दांतला आडवा र जुन्या पद्धतीने टाइप केला असेल तर त्याच चिन्हावर उभा असतो. त्याच्या वरच्या ओळीत आहे 200C. तो काढून टाकायचा.

200C म्हणजेच नीम-फासले. हे मला माहीत नव्हते. संकेतांक मला पाठ होता आणि सिस्टरची फटही माहीत होती, पण दोन्ही एकच असतील हे सुचले नाही. पुस्तकाचा मराठी भाग साफ करायचा म्हणून मी यादी चालवली, आणि ती नेहमीप्रमाणे पूर्ण फाइलवर चालली. पाच पानांत हाताने घातलेली आणि बाकीच्या पानांत सिस्टरनी टाइप केलेली प्रत्येक नीम-फासले त्यात गेली.

एक गोष्ट दिसली होती. सफाईनंतर फारशी भाग दोन ओळींनी आखडला. अक्षरे चिकटली की जागा कमी लागते. डेस्कवर दोन ओळींची जागा वाचली की बरे वाटते, तसे मला वाटले. शेवटच्या पानावर दोघी परिचारिकांचा फोटो होता, तो मी दोन ओळींनी मोठा केला. मग त्याच नावाने फाइल जतन केली. जुनी प्रत चुकून छपाईला जाऊ नये म्हणून एका पानाला एकच फाइल ठेवायची, ही आमच्या डेस्कची पद्धत होती. त्यामुळे बरोबर असलेली फाइल उरली नाही.

सोमवारी सकाळी मुलीने शाळेला निघण्यापूर्वी फोन केला. त्यांचे बोलणे फारशीत झाले. ते सिस्टरनी मला नंतर जसे सांगितले तसे इथे नोंदवतो. ती त्यांना खाले-जान म्हणते, म्हणजे मावशी.

"खाले-जान, पाने मिळाली. फार सुंदर आहेत. एक विचारू का? तुम्ही शेवटी पाहिली होती का?"

सिस्टर म्हणाल्या, पाहिली, सही केली.

मग मुलीने दोन पानांचे फोटो पाठवले. चिकटलेल्या प्रत्येक शब्दाभोवती तिने वर्तुळ काढले होते. दुसऱ्या पानावर तिने वर्तुळे काढणे अर्ध्यात सोडले होते.

तिने हेही सांगितले की वाचता येते. पूर्वी पुष्कळ लोक असे लिहायचे, आजही घाईत लिहितात. पुढच्या मंगळवारच्या चाळिसाव्याला पुस्तक हवे असेल तर छापखान्याला फाइल याच बुधवारी दुपारी दोनपर्यंत मिळायला हवी. गुरुवारी तिथे अर्धा दिवस आणि शुक्रवारी सुटी. तेवढ्यात जमणार नसेल तर आहे तसेच छापू. कोणी काही बोलणार नाही.

सिस्टरनी तिला काय उत्तर दिले ते त्यांनी मला सांगितले नाही. मला फोन करून त्या एवढेच म्हणाल्या, "खंय आसस रे?"

"घराक."

"बस मगे. बसान आयक."

मी ऐकले. मग मी यादी उघडली, 200C ची ओळ पाहिली आणि त्या चिन्हाचे पूर्ण नाव शोधले. अक्षरे जोडू न देणारे, शून्य रुंदीचे. सिस्टरना फोन करून काय झाले ते सांगितले.

"म्हणजे चूक माझी नाय," त्या म्हणाल्या.

"नाय. चूक माझी आसा."

"बरा झाला. माका वाटला, माझी दिष्टी गेली."

एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी तो काढलेला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण डेस्कवर माझ्या हाताखालच्यांशी मी असा वागलो नाही.

त्या पुढे म्हणाल्या, "पण तसाच छापूचा नाय. थंय येतली ती तिच्या वॉर्डातली माणसा. तिना माका लिवक शिकयला, ह्या सगळ्यांका ठावक आसा. ती पान उघडतली आणि म्हणतली, इतकी वर्सा शिकवन हिका ह्याच इला? माका काय म्हणले तरी चलात. तिका म्हणाक नको."

फोन ठेवल्यावर सगळा प्रकार घरात सांगितला. पत्नी काजीच्या बिया निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"आपल्या घराची झाडू घेवन लोकांच्या घरात कित्याक शिरलात?" ती म्हणाली.

सोमवारची दुपार मी वाया घालवली. यादीने काढलेले यादीनेच परत घालता येईल असे मला वाटले. क्रियापदाआधी 'मी' हा भाग येतो आणि त्याच्यानंतर नीम-फासले असते, एवढे मला आता कळले होते. तेव्हा 'मी' या दोन अक्षरांनी सुरू होणारा प्रत्येक शब्द शोधायचा आणि त्या दोन अक्षरांपुढे चिन्ह घालायचे. अनेकवचनाच्या 'हा'चेही तसेच. शेवटी 'हा' असेल तर त्याच्या आधी घालायचे. दोन नियम लिहिले, चालवले. पहिले पान फोटो काढून सिस्टरना पाठवले.

पाच मिनिटांत फोन.

"मेवो कापलंस रे."

"कसलो मेवो?"

"फळांक फारशीत मीवे म्हणतत. आपलो मेवो तो. त्येची सुरुवातच 'मी'. तू त्येका मधी कापलंस. आणि मेज पण कापलंस. फारशीत मीज. मेजार ठेवलेली फळा, ह्या वाक्यात दोन्ही कापले."

खालच्या ओळीतला तनहा हा शब्दही तुटला होता. एकटा या अर्थाचा; त्याच्या शेवटी 'हा' आहे, पण तो अनेकवचनाचा नाही. कुठे घालायचे हे शब्द ओळखणाऱ्यालाच ठरवता येते, आणि मला शब्द ओळखता येत नव्हते. मी दोन्ही नियम पुसले.

बरोबर मजकूर दोन ठिकाणी शिल्लक होता. सिस्टरच्या लॅपटॉपवर त्यांची मूळ फाइल होती. तिच्यात पाच पाने सोडून सगळ्या नीम-फासले जागेवर होत्या, पण दोन फेऱ्यांतल्या दुरुस्त्या नव्हत्या. त्या दुरुस्त्या माझ्याकडे होत्या, कागदावर. छापील प्रत हातात येईपर्यंत खुणा केलेले प्रूफ टाकायचे नाही, ही सवय मला पहिल्या नोकरीत एका वयस्क मुद्रितशोधकाने लावली होती. नवीन असताना मी एकदा प्रूफ फाडले म्हणून त्याने मला टोपलीतून तुकडे गोळा करायला लावले होते. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले.

मंगळवारी सकाळच्या एसटीने मी दोन्ही फेऱ्यांची प्रुफे घेऊन मालवणला गेलो.

सिस्टरनी ओटीवरचे टेबल रिकामे करून ठेवले होते. त्या लॅपटॉपपाशी बसल्या, मी समोर प्रुफे घेऊन. मी पान, ओळ आणि शब्द सांगायचो. त्या मूळ फाइलमध्ये ती जागा काढून लाल पेनाने लिहिलेला शब्द टाइप करायच्या. झाले की मी प्रुफावर निळे टिंब करायचो. दुसऱ्या फेरीने पहिल्या फेरीतली काही दुरुस्ती पुन्हा बदलली होती, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून आधी दुसरी पाहायची. पहिली पाच पाने आली तेव्हा गळाच्या खुणा पुन्हा एकेक करून घेतल्या. या वेळी काय घालतो आहोत ते मला माहीत होते. सिस्टर शिफ्ट दाबून अंगठ्याने स्पेसची कळ दाबत. बोट उचलेपर्यंत त्यांची नजर शब्दावर असे.

साडेअकराला त्या उठल्या. "जेवान तयार आसा. बांगड्याचा तिखला. तू जेव, मी हात धुवन येतंय."

जेवताना मी विचारले की कळफलक नव्हता तेव्हा हे हाताने कसे लिहीत. त्यांनी ताट बाजूला सारले, आत जाऊन एक पिवळट पडलेला कागद आणला. तापमानाचा तक्ता होता, इस्पितळातला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने फारशी ओळी होत्या, आणि काही शब्दांच्या मधोमध वर एक लहान बाण.

"रात्रपाळीक काम कमी असला की ती माका शुद्धलेखन घाली," त्या म्हणाल्या. "नवीन कागद नाय. वापरलेले तक्ते. मी सगळा ओढीत लिवी, मराठीतल्या शिरोरेघेसारख्या, पेन न उचलता. ती बाण काढी. म्हणी, पेन उचल, पण सरकू नको."

"म्हणजे?"

त्यांनी माझ्या प्रुफाच्या कडेला लिहून दाखवले. बच्चे लिहिले, शेवटची गाठ मिटली. पेन उचलले. हात जागचा हलवला नाही. लगेच तिथेच 'हा' सुरू केला.

"ह्याच. तू काल घातलंस ती आणि कळीवर आसा ती, दोन्ही ह्याच."

तिने कागदावर बाण काढून शिकवले होते ते आता शिफ्ट आणि स्पेसने होते. मी तो कागद परत दिला. त्यांनी तो लॅपटॉपखाली ठेवला.

चार वाजता शिराजहून फोन आला. मुलीची शाळा सुटली होती. सिस्टरनी तयार झालेली तीन पाने तिला पाठवली आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे तिने पाने उघडून पाहिली. मग ती काही बोलली आणि सिस्टर हसल्या.

"काय म्हणता ता?" मी विचारले.

"म्हणता, आता आईची विद्यार्थिनी दिसता. पण एक शब्द जास्त शिकली." त्या माझ्याकडे वळल्या. "हमकार. बरोबरच्या कामवाल्याक म्हणतत. मी हम आणि कारच्या मधी पण पेन उचललंय. ता म्हणता, ह्यो शब्द आता जोडूनच लिवतत, शाळेत तसाच शिकयतत."

"मगे?"

"मगे काय? मास्तरीण ता. मी तिच्या आवशीकडे शिकलंय, आवशीक जावन विचारूक येवचा नाय." त्या पडद्यावर तो शब्द शोधू लागल्या. दोघी त्यानंतर बराच वेळ बोलत होत्या. त्यातले मला काही कळले नाही. एका ठिकाणी सिस्टरनी चष्मा काढून ठेवला आणि मी प्रुफे घेऊन अंगणात गेलो.

हमकार पुस्तकभर होता. दोघी हमकारच होत्या. त्या संध्याकाळी सिस्टरनी तो प्रत्येक ठिकाणी स्वतः जोडला. शोधून एकदम बदलू का असे मी विचारले तेव्हा त्यांनी मेव्याची आठवण करून दिली.

बुधवारी सकाळी आठला मी पुन्हा मालवणला होतो. शेवटच्या नऊ पानांतल्या दुरुस्त्या दहापर्यंत संपल्या. मग मी माझ्या लॅपटॉपवर दुरुस्त मजकूर पानांत ओतला आणि न दिसणारी चिन्हे दिसू देण्याचा पर्याय चालू केला. प्रत्येक नीम-फासलेच्या जागी एक बारीक उभी रेघ आली. पानभर त्या रेघा होत्या. सिस्टर पहिल्यांदाच त्या पाहत होत्या.

"इतके वेळा पेन उचलला मी?" त्या म्हणाल्या.

अक्षरे सुटल्याबरोबर फारशी भाग पुन्हा दोन ओळींनी वाढला आणि शेवटच्या पानावरचा मजकूर फोटोच्या खाली गेला. उपाय एकच होता. फोटो आधी होता तेवढा करायचा.

"कर बारीक," सिस्टर म्हणाल्या. "तिका फोटोत रवाक आवडा नाय. ह्यो पण मीच तिका ओढून काढल्लो."

या वेळी मी नव्या नावाने फाइल जतन केली. सफाई चालवली नाही. मराठी भाग डोळ्यांनी वाचला, चार ठिकाणी दोन जागा होत्या, त्या हाताने काढल्या. सिस्टरनी फारशीचे प्रत्येक पान पडद्यावर पुन्हा वाचले. ओळीच्या टोकाला एकही शब्द तुटला नव्हता. त्यांनी सही करायला कागद मागितला. छापील प्रूफ काढायला वेळ नव्हता, म्हणून तापमानाच्या तक्त्याच्या कडेला सही करू का असे त्यांनी विचारले. मी वहीचे पान दिले.

फाइल आपल्याकडच्या तीन वाजून दहा मिनिटांनी गेली. शिराजमध्ये एक वाजून दहा मिनिटे झाली होती. छापखान्यातून मुलीला आणि मुलीकडून सिस्टरना निरोप आला की फाइल उघडली, पाने बरोबर आहेत, फोटोही जागेवर आहे.

मला पुढच्या एसटीला पाऊण तास होता. सिस्टरनी चहा केला आणि बरोबर डब्यात तिखले दिले, पत्नीसाठी.

"तिका सांग," त्या म्हणाल्या, "झाडू आता घरातच ठेवतंय म्हणान."

हे त्यांच्यापर्यंत कसे गेले ते मी पत्नीला विचारले. ती म्हणाली, सोमवारीच फोन झाला होता.

त्या आठवड्यात मी यादी उघडून 200C ची ओळ बदलली. आता ती फक्त मराठी मजकुरावर चालते, आणि संकेतांकापुढे चिन्हाचे नाव लिहिले आहे. खाली सिस्टरच्या शिक्षिकेचे वाक्यही लिहिले आहे, मराठीत. यादी ज्यांच्याकडे अजून डेस्कवर चालते त्या दोघांनाही नवी प्रत पाठवली. एकाने विचारले, शेवटच्या ओळीचा अर्थ काय. मी त्याला फोन करून सांगितला.

चाळिसाव्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता सिस्टरनी मला तीन फोटो पुढे पाठवले. पहिल्यात टेबलावर खजूर, हलव्याच्या बशा आणि पुस्तकांचा ढीग होता. दुसऱ्यात एक म्हातारी बाई खुर्चीत बसून पुस्तक वाचत होती. आमच्या तिसऱ्या वॉर्डातली, असे सिस्टरनी खाली लिहिले होते. तिसऱ्या फोटोत तिच्या हातातले पान जवळून घेतले होते. ते पान सतरा होते. मी फोटो मोठा केला, कपाटातून त्याच पानाचे दुसऱ्या फेरीचे प्रूफ काढले आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहिली. चोवीस ओळी होत्या. हमकार जोडला होता तेवढे सोडून फरक सापडला नाही.